समोच्चरेषांच्या नकाशात सोंड की दरी, आणि उतार किती, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: भूगोलाच्या परीक्षेत समोच्चरेषांचा नकाशा देतात आणि दरी, सोंड, उतार ओळखायला सांगतात. मला दरी आणि सोंड दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हीकडे रेषा वाकलेल्या असतात. उताराबद्दल ‘रेषा जवळजवळ आहेत म्हणून तीव्र उतार’ एवढंच सुचतं आणि निम्मे गुण जातात. नकाशा नेमका वाचायचा कसा?

उत्तर:

या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका मी बरीच वर्षं तपासतो आहे. गुण जातात ते बहुतेक एकाच कारणानं: मुलं रेषांचे आकार बघतात, रेषांवरचे आकडे वाचत नाहीत. आकार फसवतो, आकडे फसवत नाहीत. म्हणून आपण एक नकाशा डोळ्यांसमोर आणू आणि तो आकड्यांवरून वाचू. कागद-पेन्सिल घेऊन सोबत काढत गेलात तर जास्त सोपं जाईल.

नकाशाचं प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. वरची बाजू उत्तर. मधोमध एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर ठिपका आणि शेजारी ४८७ हा आकडा. त्याच्याभोवती एकात एक रेषा आहेत. त्यांतल्या दोनच जाड आहेत, एकीवर ४०० लिहिलंय, दुसरीवर ३००. बाकीच्या बारीक रेषांवर काहीच लिहिलेलं नाही. परीक्षेतला नकाशा साधारण असाच असतो.

पहिलं काम म्हणजे बारीक रेषांच्या किमती काढणं. ३०० आणि ४०० या जाड रेषांच्या मध्ये चार बारीक रेषा आहेत. इथे कित्येक जण १०० ला ४ नं भागतात आणि प्रत्येक रेषेमागे २५ मीटर असं धरतात. हे चुकतं, कारण चढायचे असतात ते रेषांमधले टप्पे. जाड रेषेपासून जाड रेषेपर्यंत मध्ये चार रेषा असल्या तर टप्पे पाच होतात. १०० भागिले ५, म्हणजे २० मीटरचा टप्पा. आता रेषा वाचा: ३००, ३२०, ३४०, ३६०, ३८०, ४००. पडताळाही लगेच घेता येतो. २५ मीटर धरून ३०० पासून मोजत गेलात तर चौथ्या बारीक रेषेवरच ४०० येतात आणि जाड रेषा ४२५ ची ठरते. तिच्यावर तर ४०० छापलंय. नकाशाच्या तळाशी हा टप्पा बहुधा लिहिलेला असतो, पण प्रश्नपत्रिकेत नकाशाचा तुकडाच कापून दिलेला असेल तर तो तुम्हालाच काढावा लागतो. किमती काढल्या की प्रत्येक बारीक रेषेवर पेन्सिलीनं आकडा टाका. यात दोन मिनिटं जातात, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता तुमच्या गोंधळाकडे वळू. आपल्या डोंगराच्या दक्षिण उतारावर रेषा वेड्यावाकड्या झाल्या आहेत: एक फुगवटा दक्षिणेकडे बाहेर आलेला, त्याच्या पूर्वेला एक खाच माथ्याकडे आत गेलेली, आणि पुन्हा एक फुगवटा. यात सोंड कुठली आणि दरी कुठली?

पट्टी घ्या आणि या सगळ्या वाकणांना आडवी छेदेल अशी पश्चिमेकडून पूर्वेकडे एक रेघ मारा. ती रेघ ज्या ज्या समोच्चरेषेला कापते तिचा आकडा क्रमानं लिहून काढा. आपल्या नकाशावर समजा असे आकडे आले:

३२०, ३४०, ३६०, ३८०, ३८०, ३६०, ३४०, ३४०, ३६०, ३६०, ३४०, ३२०

या ओळीत लागोपाठ दोनदा आलेले आकडे शोधा. ३८० दोनदा आलाय, ३४० दोनदा, ३६० दोनदा. लागोपाठ तोच आकडा पुन्हा येणं म्हणजे जमिनीनं तिथे दिशा बदलली: चढत होती ती उतरू लागली, किंवा उतरत होती ती चढू लागली. पहिल्या ३८० पर्यंत आकडे वाढत आले आणि दुसऱ्या ३८० नंतर कमी होत गेले, म्हणजे त्या दोघांच्या मध्ये जमीन उंच आहे. ही सोंड. पुढे आकडे ३४० पर्यंत उतरले आणि दुसऱ्या ३४० पासून पुन्हा वाढले, म्हणजे मध्ये जमीन खोल आहे. ही दरी. त्यानंतर ३६० वर पुन्हा चढ संपून उतार सुरू झाला, ती दुसरी सोंड, पहिलीपेक्षा बुटकी. त्याच ओळीतून आणखीही कळतं. आडव्या रेघेवर दरीचा तळ ३४० पेक्षा खाली आहे, पण ३२० ची रेषा तिथे लागली नाही, म्हणून तो ३२० च्या वर आहे. पहिल्या सोंडेचा माथा तसाच ३८० आणि ४०० च्या मध्ये. प्रश्नात ‘अंदाजे उंची सांगा’ असं विचारलं तर हेच उत्तर द्यायचं, ‘३२० ते ३४० मीटरच्या दरम्यान’. एकच नेमका आकडा ठोकून देऊ नका.

ही आडवी रेघ मी सगळ्यांत विश्वासाची मानतो. कारण पुस्तकातला प्रसिद्ध नियम, ‘दरीत रेषांचा आकार इंग्रजी व्ही सारखा, सोंडेवर यू सारखा’, हा अर्धाच खरा आहे. अरुंद, खोल कोरलेल्या दरीत व्ही टोकदार येतो हे बरोबर, पण रुंद तळाच्या दरीत तोच आकार गोलसर होतो, आणि धारदार सोंडेवरच्या रेषाही टोकदार असतात. परीक्षक मुद्दाम असाच नकाशा निवडतात. नियम लक्षात ठेवायचाच असेल तर टोकाच्या दिशेचा ठेवा. टोक जास्त आकड्याकडे, म्हणजे चढाकडे गेलं असेल तर दरी. कमी आकड्याकडे, उताराकडे आलं असेल तर सोंड.

असं का होतं हे एकदा समजलं की नियम पाठ करावा लागत नाही. कल्पना करा, तुम्ही ३६० मीटरच्या रेषेवरून चालता आहात आणि अट अशी की एक पाऊलही वर किंवा खाली जायचं नाही. चालता चालता ओढा आडवा आला. तुम्ही सरळ पुढे गेलात तर ओढ्याच्या पात्रात उतराल, म्हणजे ३६० च्या खाली जाल. उंची राखायची तर ओढ्याच्या कडेकडेनं डोंगराकडे आत जावं लागेल, पात्राचा तळच ३६० मीटरला येतो तिथे ओढा ओलांडावा लागेल आणि दुसऱ्या काठानं परत बाहेर यावं लागेल. तुमच्या पावलांनी कागदावर जो आकार काढला तोच दरीतला व्ही, टोक माथ्याकडे. सोंड आडवी आली की उलट होतं. सरळ गेलात तर सोंडेवर चढाल. म्हणून उताराच्या बाजूला बाहेर वळसा घालावा लागतो, आणि टोक खालच्या बाजूला येतं.

हे हातावरही बघता येतं. मूठ वळा आणि टेबलावर अशी ठेवा की बोटांची पेरं टेबलाकडे आणि मधल्या उंचवट्यांची रांग वर राहील. पेनानं टेबलाला समांतर, एकाच उंचीवरून मुठीभोवती रेघ ओढा. मग थोडी वर दुसरी, तिच्या वर तिसरी. रेघ प्रत्येक बोटावर बाहेर येते आणि दोन बोटांच्या मधल्या खाचेत आत जाते. बोटं म्हणजे सोंडा, खाचा म्हणजे दऱ्या. आता हात न हलवता बरोबर वरून बघा: दिसतो तो समोच्चरेषांचा नकाशाच. वर्गात मी हे दरवर्षी करून घेतो, आणि त्यानंतर दरी-सोंडेची अदलाबदल जवळपास थांबते.

दरीत निळी रेघ असेल तर काम सोपं झालं, ती दरीच. पण इथे आणखी एक चूक दबा धरून असते. ‘नदी कोणत्या दिशेला वाहते?’ या प्रश्नाला मुलं व्हीचं टोक जिकडे आहे ती दिशा लिहितात. ते बाणासारखं दिसतं ना, म्हणून. टोक तर चढाकडे आहे, पाणी उताराकडे जाणार. आपल्या नकाशात खाचेचं टोक उत्तरेला, माथ्याकडे आहे, म्हणून ओढा दक्षिणेकडे वाहतो.

लांबट डोंगरधार, जिला पुस्तकात कटक म्हणतात, तीही आडव्या रेघेनंच ओळखायची. तिच्यावर रेषा लांबुळक्या आणि बंद असतात. लांबीला आडवी रेघ मारली की दोन्ही टोकांना कमी आकडे आणि मध्ये जास्त. सोंड एका बाजूनं डोंगराला जोडलेली असते, धारेला मात्र दोन्ही अंगांना उतार असून ती स्वतःच लांबवर पसरलेली असते. धारेवर दोन माथे असतील तर मधल्या सखल जागेला खिंड म्हणतात, आणि ती ओळखायला एक रेघ पुरत नाही. धारेच्या लांबीनं रेघ मारली तर खिंडीत आकडे कमी होऊन वाढतात. धारेला आडवी मारली तर त्याच जागी वाढून कमी होतात. एका दिशेनं खोल आणि दुसऱ्या दिशेनं उंच, असं दोन्ही मिळालं तरच खिंड लिहा.

आता उतार. ‘रेषा जवळजवळ, म्हणून उतार तीव्र’ हे वाक्य चूक नाही, अपुरं आहे. किती जवळ, कुठल्या प्रमाणावर, किती मीटरचा टप्पा, हे त्यात येत नाही. समजा १:५०,००० च्या नकाशावर २० मीटरच्या टप्प्याच्या रेषांमध्ये २ मिलिमीटरचं अंतर आहे. जमिनीवर ते १०० मीटर होतं, म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढ, १:५. दुसरा नकाशा १:२५,००० चा, टप्पा ५ मीटरचा, रेषांमध्ये तितकंच २ मिलिमीटर अंतर. जमिनीवर ५० मीटर, चढ ५ मीटर, म्हणजे १:१०. डोळ्यांना दोन्ही सारखेच दाट दिसतात, पण एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट तीव्र आहे. म्हणून ‘जवळ’ आणि ‘दूर’ ही तुलना एकाच नकाशात करायची. दोन नकाशांची तुलना करायची असेल तर आकडेमोड हवी.

ती सोपी आहे. उंचीतला फरक भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, दोन्ही मीटरमध्ये. अंतर मोजताना पट्टी रेषांना काटकोनात ठेवा, कारण सर्वांत तीव्र उतार त्याच दिशेला असतो. तिरकी मोजलीत तर अंतर वाढेल आणि उतार आहे त्यापेक्षा सौम्य येईल. प्रश्नात दोन ठरावीक बिंदू दिले असतील तर अर्थातच त्या दोघांमध्येच मोजायचं.

आपल्या डोंगराच्या पश्चिम बाजूला जाऊ. माथ्याजवळच्या ४८० च्या रेषेपासून ४०० च्या जाड रेषेपर्यंत ०.४ सेंटिमीटर, आणि तिथून ३०० च्या रेषेपर्यंत २ सेंटिमीटर. वरच्या भागात ८० मीटर उतरायला आडवं अंतर २०० मीटर, म्हणजे १:२.५, कोनात सुमारे २२ अंश. खालच्या भागात १०० मीटर उतरायला १००० मीटर, म्हणजे १:१०, सहा अंशांहूनही कमी. वर तीव्र, खाली मंद, हा अंतर्वक्र उतार.

पूर्व बाजूला हेच उलट आहे. ४८० ते ४०० मध्ये २ सेंटिमीटर, ४०० ते ३०० मध्ये ०.४ सेंटिमीटर. वर ८० मीटरला १००० मीटर, १:१२.५, अगदी मंद. खाली १०० मीटरला २०० मीटर, १:२, सुमारे २७ अंश. वर मंद, खाली तीव्र, हा बहिर्वक्र उतार.

आता गंमत बघा. दोन्ही बाजूंना ४८० ते ३०० असं एकूण मोजलं तर फरक १८० मीटर आणि अंतर १२०० मीटर, सरासरी उतार दोन्हीकडे तोच, सुमारे १:६.७. सरासरी काढून थांबलात तर दोन पूर्ण वेगळे उतार एकसारखे लिहून बसाल. म्हणून आधी रेषा कुठे दाट आणि कुठे विरळ होतात ते बघा, तिथे उताराचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याचा उतार वेगळा काढा.

हा फरक परीक्षेत आणखी एका रूपात येतो: ‘४८० च्या रेषेवर उभ्या माणसाला पायथ्याची ३०० च्या रेषेवरची जागा दिसेल का?’ डोळ्यांपासून पायथ्यापर्यंत सरळ दृष्टिरेषा ओढली आहे असं समजा. ती १२०० मीटरमध्ये १८० मीटर उतरते, म्हणजे दर १०० मीटरला १५ मीटर. पश्चिमेला २०० मीटरवर दृष्टिरेषा ४५० मीटर उंचीवर असते आणि जमीन ४०० वर. जमीन खाली, म्हणून पायथा दिसतो. पूर्वेला १००० मीटरवर दृष्टिरेषा ३३० वर आलेली असते आणि जमीन अजून ४०० वरच आहे. जमीन ७० मीटरनं आड आली, पायथा दिसणार नाही. माणसाच्या उंचीनं या निकालात काही फरक पडत नाही, अंतर फारच मोठं आहे. उत्तरात ‘उतार बहिर्वक्र असल्यामुळे दिसणार नाही’ एवढं लिहिलं तरी चालतं, पण हे दोन आकडे दिलेत तर परीक्षकाला शंका घ्यायला जागाच उरत नाही.

काटछेद काढायला सांगितला असेल तर एका गोष्टीची काळजी घ्या. उंची दिसावी म्हणून उभं प्रमाण आपण मोठं घेतो, उदाहरणार्थ १ सेंटिमीटरला १०० मीटर. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर असल्यामुळे उंची पाचपट ताणली जाते. आपला २२ अंशांचा पश्चिम उतार त्या काटछेदात ६३ अंशांचा, जवळजवळ कडा वाटेल. काटछेद आकार दाखवायला चांगला, पण त्याच्यावर कोनमापक ठेवून उतार मोजायचा नाही. पाचपट ताण आहे हे शेजारी लिहून ठेवा.

उत्तर लिहिताना दिशा, आकडा आणि पुरावा तिन्ही एका वाक्यात आणा. असं: ‘डोंगराच्या पश्चिम बाजूस ४८० ते ४०० मीटरच्या दरम्यान रेषा दाट असून उतार १:२.५ इतका तीव्र आहे. ४०० मीटरखाली रेषा विरळ होतात व उतार १:१० इतका मंद होतो, म्हणून हा अंतर्वक्र उतार आहे.’ दरीसाठी: ‘दक्षिण उतारावर रेषांची टोके अधिक उंचीकडे, उत्तरेकडे वळली आहेत, म्हणून ही दरी असून ओढा दक्षिणेकडे वाहतो.’ ‘दाट रेषा म्हणून तीव्र उतार’ आणि हे वाक्य, यांत निम्म्या गुणांचा फरक आहे.

दोन रेषांच्या मधल्या जागेबद्दल नकाशा किती बोलतो याची मर्यादाही माहीत असू द्या. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शीहॅलिअन डोंगराची मोजणी झाली ती पृथ्वीची घनता काढण्यासाठी. चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे डोंगरावरच्या असंख्य जागांच्या उंचीचे आकडे आले, आणि ते सुटे आकडे हाताळता यावेत म्हणून त्यानं सारख्या उंचीच्या जागा रेघेनं जोडल्या. आकडे आधी आले, रेघ नंतर. रेघेवर उंची ठाऊक असते. दोन रेघांच्या मध्ये फक्त तिची वरची आणि खालची सीमा. आपल्या नकाशावर टप्पा २० मीटरचा आहे, म्हणून ३२० आणि ३४० च्या मध्ये दहा-पंधरा मीटरची टेकडी असली तरी ती कुठल्याच रेषेला न शिवता लपून राहू शकते. ‘या भागात जमीन सपाट आहे का?’ असं विचारलं आणि तिथे एकही रेषा नसेल, तर ‘उंचीतील फरक २० मीटरपेक्षा कमी आहे, उतार अतिशय मंद असावा’ असं लिहा.